कबुलीच्या आधीचे तास

'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की नजर आता त्यावरून नुसती घसरत जाते. बातमीदाराला ते ठाण्यातून तयार मिळते आणि वाचकाला ते गुन्ह्याचा उलगडा म्हणून पुरते. आरोपी कशामुळे कबूल झाला हेही त्यात सांगून टाकलेले असते, आणि तेही थोड्या फुशारकीने. याचे कुणाला काही वाटत नाही.

न्यायालयात मात्र या कबुलीला किंमत नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम २३ मध्ये आले आहे. हा नियम इंग्रजांनी उदारपणे दिलेला नाही. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये आला. महसूल आणि पोलीस यांच्या हाताखालचे लोक माणसांना कसे पिळतात याची जंत्रीच त्यात होती. पाठोपाठ १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही बंदी घातली गेली आणि तिथून ती पुरावा कायद्यात आली. राज्यकर्त्यांचा स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास नव्हता. स्वातंत्र्यानंतरही आपण तो अविश्वास कायद्यात तसाच जपला आहे.

पण या बंदीला एक दार ठेवलेले आहे, आणि रोजच्या तपासाची बरीचशी वाहतूक त्या दारातूनच चालते. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरते त्याचे बोलणे ग्राह्य धरले जाते. हेच ते जुने कलम २७. 'मी त्याला भोसकले आणि चाकू शेतातल्या विहिरीत टाकला' असे आरोपी म्हणाला आणि चाकू विहिरीत सापडला, तर चाकू तिथे आहे हे त्याला ठाऊक होते एवढेच न्यायालयापुढे येते. भोसकल्याचा भाग गळतो. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ च्या पुलुकुरी कोटय्या प्रकरणात ही रेघ आखून दिली. म्हणून आपल्याकडच्या आरोपपत्रांत मेमोरँडम पंचनामा आणि जप्ती पंचनामा अशी जोडी हटकून दिसते: दोन पंच, आरोपीचे निवेदन, मग गाडी, मग झुडुपातली वस्तू. फौजदारी वकिली केलेल्या कुणालाही विचारा, त्याला निवेदनाची भाषा पाठ असते, कारण आरोपी बदलला तरी ती बदलत नाही. कबुली ग्राह्य नाही म्हणून ती मिळवण्याची घाई कमी होईल ही मूळ कल्पना या दारामुळे फसली. वस्तू काढून द्यायची तर आरोपीला आधी बोलते करावे लागते.

या पुस्तकातले लेख चौकशीच्या पद्धतींबद्दल, खोट्या कबुलीबद्दल आणि तिला आळा घालणाऱ्या उपायांबद्दल आहेत. प्रस्तावनेत सगळ्यांचा गोषवारा देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी या विषयातला सर्वांत नाजूक सांधा जिथे स्पष्ट दिसतो असा एक खटला थोडा उलगडून पाहावा असे मला वाटते. हा सांधा म्हणजे संरक्षण नेमके कोणत्या क्षणी सुरू होते.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. एकशे ऐंशीहून अधिक माणसे मेली, आठशेहून अधिक जखमी झाली. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला, जुलैच्या उत्तरार्धात अटका सुरू झाल्या आणि सप्टेंबरच्या अखेरीस प्रकरणाला मोक्का लावला गेला. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा हा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. त्याचे कलम १८ वर सांगितलेल्या जुन्या बंदीला सरळ वळसा घालते. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे, म्हणजे मुंबईत उपायुक्तापुढे, दिलेला कबुलीजबाब या कायद्याखाली पुरावा ठरतो, आणि तो देणाऱ्याइतकाच सहआरोपीविरुद्धही वापरता येतो. ही युक्ती आधी टाडात होती, मग पोटातही आली. ते दोन्ही कायदे गेले, मोक्का राहिला.

विधिमंडळाने धोका ओळखला नव्हता असे म्हणता येणार नाही. कलमात आणि त्याखालच्या नियमांत बरीच कुंपणे आहेत. तू कबुली द्यायला बांधील नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे अधिकाऱ्याने सांगायचे. आरोपीला विचार करायला किमान चोवीस तास द्यायचे. वातावरण दडपणमुक्त हवे. आरोपीची ज्या भाषेत चौकशी झाली त्याच भाषेत जबाब हवा. शेवटी, कबुली स्वेच्छेची असल्याची खात्री पटल्याचे प्रमाणपत्र अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने जोडायचे. मग कागद आणि माणूस दोन्ही मुख्य दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायचे, आणि माणसाने छळाची तक्रार केली तर त्याची वैद्यकीय तपासणी करवायची. जबाब लेखी किंवा ध्वनिफितीसारख्या यांत्रिक साधनावर घेता येईल असेही कलमात म्हटले आहे. तो 'किंवा' आपण लक्षात ठेवू.

मोक्का लागल्यानंतरच्या काही आठवड्यांत अकरा आरोपींचे कबुलीजबाब नोंदले गेले. लेखी. उपायुक्त वेगवेगळे होते, कुणीही मूळ तपासातले नव्हते, प्रत्येक जबाबाला इशारे, विचाराचा अवधी आणि प्रमाणपत्र जोडलेले होते. आरोपींनी पुढे जबाब नाकारले, मारहाणीच्या तक्रारी केल्या. विशेष न्यायालयाने ते जबाब स्वीकारले. सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावा आरोपी, व्यवसायाने शिक्षक, निर्दोष सुटला. कबुलीवर सही करायला आपण शेवटपर्यंत नकार दिला होता असे त्याने नंतर लिहिले.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. साडेसहाशेहून अधिक पानांच्या या निकालात ओळख परेड, उशिरा उगवलेले साक्षीदार, मोबाइलच्या नोंदी असे बरेच काही आहे. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेही सरकार पक्षाला नीट मांडता आले नाही, असेही त्यात म्हटले आहे. आपल्याला हवा तो कबुलीजबाबांचा भाग. न्यायालयाने हे जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांपुढे, वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या या जबाबांत काही भाग जसाच्या तसा उतरलेला आढळला. एकच घटना सांगणारी दोन माणसे सारखी माहिती देऊ शकतात. सारखी वाक्ये, तीही त्याच क्रमाने, देत नाहीत. केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या नोंदी छळाची शक्यता पुढे आणत होत्या. आणि काळाचा प्रश्न होताच: ज्यांना आधी अटक झाली ते दोन महिन्यांहून अधिक काळ कोठडीत असताना पोलिसांपुढे कबूल झाले नव्हते, पण कबुलीला कायदेशीर किंमत देणारे कलम लागताच एकामागून एक राजी झाले.

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तीनच दिवसांनी त्या न्यायालयाने आदेश दिला की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला नको. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शेवटचे पान अजून लिहायचे आहे. पण कुंपणे का कुचकामी ठरली हे समजायला त्या पानाची वाट पाहण्याची गरज नाही. ती सगळी कुंपणे शेताच्या पलीकडच्या बांधावर घातलेली होती. इशारा, चोवीस तास, प्रमाणपत्र, दंडाधिकारी, यांतली प्रत्येक गोष्ट माणूस उपायुक्ताच्या दालनात पोचल्यावर सुरू होते. त्याआधीच्या आठवड्यांत तो कुठे होता, त्याला काय विचारले गेले, काय सांगितले गेले, याची नोंद कोणताच नियम मागत नव्हता. आणि चोवीस तासांचा विचार संपल्यावर परत कुणाच्या ताब्यात जायचे हे त्या माणसाला चांगले ठाऊक असते.

इथे मारहाणीवर सगळे ढकलून मोकळे होण्याचा मोह होतो. पट्टा बंद झाला की खोट्या कबुल्याही बंद होतील, असे अनेक चांगल्या अधिकाऱ्यांनाही वाटते. ते खरे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन यांनी सहकाऱ्यासह १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरे टाइप करायला बसवले आणि 'ऑल्ट' ही कळ दाबू नका, दाबली तर यंत्र बंद पडेल असे बजावले. थोड्या वेळाने यंत्र मुद्दाम बंद पाडले गेले आणि विद्यार्थ्यावर ठपका आला. कुणीही ती कळ दाबली नव्हती. तरी ६९ टक्के विद्यार्थ्यांनी आपणच दाबली अशा कबुलीवर सही केली. जिथे टाइप करण्याचा वेग जास्त ठेवला होता आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीने 'मी पाहिले' अशी खोटी साक्ष दिली, तिथे सगळ्यांनीच सही केली. काहींना तर आपण ती दाबली हे खरेच वाटू लागले. इथे शिक्षेची धास्ती खुनाच्या शिक्षेइतकी नव्हती हे उघड आहे, आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष कोठडीला जसाच्या तसा लावू नये. पण खोटा पुरावा समोर ठेवला की माणूस स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा किती सहज सोडतो, हे त्यातून दिसले.

कार्डिफमध्ये हेच घडले, आणि ते फितीवर उतरले. १९८८ च्या फेब्रुवारीत तिथल्या बंदराजवळच्या वस्तीत लिनेट व्हाइट या तरुणीचा खून झाला. डिसेंबरमध्ये पोलिसांनी तिच्या मित्राला ताब्यात घेऊन पाच दिवसांत मिळून सुमारे तेरा तास प्रश्न विचारले. इंग्लंड आणि वेल्समध्ये तोवर पोलीस आणि फौजदारी पुराव्याचा १९८४ चा कायदा लागू झाला होता, त्यामुळे ध्वनिमुद्रक चालू होता आणि वकीलही बहुतेक वेळ खोलीत होता. कुणी त्याला हात लावला नाही. त्या तरुणाने तीनशेहून अधिक वेळा नाही म्हटले. पोलिसांनी तेच प्रश्न ओरडून पुन्हा पुन्हा विचारले, त्या रात्री तू नशेत असशील म्हणून तुला आठवत नसेल असे सुचवले, आणि घटनास्थळाचे चित्र तुकड्यातुकड्यांनी त्याच्यापुढे मांडत गेले. शेवटी तो त्या चित्रात जाऊन बसला. त्याची बौद्धिक क्षमता सरासरीहून बरीच कमी होती. १९९० मध्ये त्याला आणि आणखी दोघांना जन्मठेप झाली.

१९९२ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने सातवी फीत लावून ऐकली आणि तिघांनाही सोडले. प्रत्यक्ष हिंसा सोडली तर याहून धमकावणारी चौकशी कल्पिणे अवघड आहे, अशा आशयाचे उद्गार मुख्य न्यायाधीशांनी काढले. खोलीत हजर असून गप्प बसलेल्या वकिलावरही त्यांनी ताशेरे ओढले. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी ती सातवी फीत ऐकलेलीच नव्हती. खरा खुनी डीएनएवरून सापडला आणि २००३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तो या तिघांपैकी नव्हता.

मला हा खटला ध्वनिमुद्रणाच्या समर्थकांनी आधी वाचावा असे वाटते, कारण तो त्यांचे म्हणणे अर्धे खोडतो आणि उरलेले पक्के करतो. ध्वनिमुद्रकाने खोटी कबुली थांबवली नाही. वकिलानेही थांबवली नाही. पण पाच दिवसांची नोंद सुरुवातीपासून होती, म्हणून चार वर्षांनी तीन न्यायाधीशांना त्या खोलीत जाऊन बसता आले. रेल्वे स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाला ते शक्य नव्हते. त्यांना वाक्यांची जुळणी, जखमांच्या नोंदी आणि तारखा यांवरून खोलीतले अंदाजावे लागले, आणि त्याला एकोणीस वर्षे लागली.

शेवटच्या कबुलीचेच चित्रण करणे तर नसल्याहून वाईट. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ मध्ये झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात पाच मुलांना पकडले. आधीच्या लांबलचक चौकशीचे चित्रण झाले नाही. मुले तयार झाल्यावर कॅमेरा लागला. ज्युरींनी मुले शांतपणे सांगताहेत हे पाहिले आणि विश्वास ठेवला. त्यांची वर्णने एकमेकांशी आणि घटनास्थळाशी जुळत नव्हती, डीएनए त्यांचा नव्हता, तरीही. २००२ मध्ये खरा गुन्हेगार पुढे आल्यावर शिक्षा रद्द झाल्या. कॅमेरा कुणाकडे वळलेला आहे यानेही फरक पडतो: फक्त आरोपीच दिसत असेल तर पाहणाऱ्याला कबुली जास्त स्वखुशीची वाटते, प्रश्न विचारणाराही चौकटीत आला की कमी. जी. डॅनियल लॅसिटर यांनी हे अनेक प्रयोगांतून दाखवले आहे.

कबुली खरी की भरवलेली हे ओळखायची कसोटी तशी सोपी आहे, फक्त तिला नोंद लागते. पोलिसांना तोवर ठाऊक नसलेली आणि नंतर स्वतंत्रपणे खरी ठरलेली अशी एखादी गोष्ट कबुलीतून बाहेर आली का? चाकूचा रंग आरोपीने सांगितला याला अर्थ नाही, जर चाकू आधीच तपास अधिकाऱ्याच्या कपाटात असेल आणि त्याचा फोटो आरोपीला दाखवला असेल. आणखी एक चांगली खूण म्हणजे चुका. त्या तारखेला पोलिसांचा जो गैरसमज होता तोच आरोपीच्या तोंडी आला असेल, तर माहिती कोणत्या दिशेने वाहिली हे कळते. पोलीस काय जाणत होते आणि कधी, हे स्टेशन डायरीतून काढता येईल. त्यांनी आरोपीला काय सांगितले हे मात्र फक्त ध्वनिमुद्रण सांगते.

इंग्लंडमध्ये या फितींचा एक अनपेक्षित उपयोग झाला. १९९२ मध्ये जॉन बाल्डविन यांनी पोलीस चौकशीच्या सहाशे फिती तपासल्या. त्यांना तिथे धूर्त, पोलादी तपासनीस क्वचितच भेटले. तयारी न करता आलेले, गोंधळलेले, आरोपी दोषी आहे हे गृहीत धरून बसलेले अधिकारीच जास्त होते. पोलिसांनी हे मनावर घेतले आणि नवी पद्धत बसवली. तिचा क्रम असा: आधी प्रकरणाची तयारी, मग आरोपीशी बोलणे सुरू करून त्याला प्रक्रिया समजावणे, मग न टोकता त्याची पूर्ण हकीकत ऐकणे, त्यातल्या तपशिलांवर खोदून विचारणे, शेवटी हकीकत पुराव्याशी ताडून पाहणे. हातातला पुरावा सुरुवातीला दाखवायचा नाही. यात मला खरी हुशारी दिसते, कारण एकाच नियमाने दोन कामे होतात. निरपराध माणसाच्या तोंडी तपशील भरवले जात नाहीत, आणि अपराधी माणूस आधी खोटे बोलून मोकळा होतो, मग ते खोटे पुराव्याशी आदळते. कबुली मिळवणे हा या चौकशीचा हेतूच नाही.

आपल्याकडे आज काय आहे? आरोपीला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येते, पण चौकशीभर नाही, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३८ सांगते. न्यायालये कधी कधी वकिलाला हजर राहू देतात, पण दिसेल आणि ऐकू येणार नाही अशा अंतरावर. त्या अंतरावरून हात उगारलेला दिसतो, तोंडात घातलेले वाक्य ऐकू येत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढची कबुली वकिलाच्या उपस्थितीत ध्वनिचित्रमुद्रित करता येते, म्हणजे करावीच असे नाही. झडती आणि जप्तीचे चित्रण मात्र नव्या संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचे केले आहे. झुडुपातून काढलेली पिशवी आता कॅमेऱ्यात दिसेल. ती कुठे आहे हे माणूस कसा बोलला, ते दिसणार नाही.

उरले सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक ठाण्यात आणि चौकशीचा अधिकार असलेल्या केंद्रीय यंत्रणांच्या कार्यालयांत आवाजासह कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर, ठेवायला सांगितले. आदेश चांगला आहे. पण कॅमेरा मारहाण रोखण्यासाठी कोपऱ्यात बसवलेला असतो, प्रश्नोत्तरे टिपण्यासाठी नव्हे, आणि गंभीर गुन्ह्यांचे खटले अठरा महिन्यांत उभेही राहत नाहीत. चित्रण हवे असेल तर बचावाच्या वकिलाने ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच रिमांडच्या वेळी द्यायला हवा. आरोपपत्राची वाट पाहिली तर वेळ गेलेली असते. कॅमेरे बंद असल्याच्या बातम्यांवरून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

पोलिसांची बाजू या पुस्तकात आहे आणि ती मी टाळणार नाही. अपुरी माणसे, महिनोन्महिने न येणारे प्रयोगशाळेचे अहवाल, वरून येणारा दबाव आणि साक्षीदारांची फितुरी यांत अडकलेल्या अधिकाऱ्याला बोलता आरोपी हाच सर्वांत स्वस्त पुरावा वाटतो. दहशतवादाच्या गुन्ह्यात पुढचा स्फोट रोखायचा असताना वकिलाची वाट कोण पाहणार, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. पण त्या घाईचा हिशोब याच स्फोटांच्या दप्तरात पडून आहे. अकरा जणांच्या कबुलीवर खटला उभा असतानाच, २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या प्रकरणात पकडलेल्या एकाने रेल्वेतले बॉम्ब आपल्या गटाने ठेवल्याची कबुली दिली. तीही मोक्काच्या त्याच कलमाखाली आणि उपायुक्तापुढे. बचाव पक्षाने त्याला साक्षीला बोलावले तेव्हा तो फिरला. एकाच गुन्ह्याच्या या दोन कबुल्या, एकमेकींना पूर्ण छेद देणाऱ्या, एकाच राज्याच्या पोलिसांच्या दोन शाखांनी नोंदल्या. दोन्हींखाली स्वेच्छेचे प्रमाणपत्र आहे.